छाती ४० म्हणजे कुणाची : शेरवानीची की नवरदेवाची?

(राहू, ता. दौंड येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावताना सांगितलं होतं की ऑनलाइन विक्रीवर काहीतरी बोला. मी सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे आता वेबसाइट, जाहिरात वगैरे येणार असं तुम्हाला वाटत असेल. त्यातलं काही येणार नाही. मी आज एका शेरवानीबद्दल बोलणार आहे. ती तीन वेळा विकली गेली आणि तिन्ही वेळा परत आली. शिवणीत खोट नव्हती आणि कापडही वाईट नव्हतं. चूक होती ती फोटोखाली लिहिलेल्या चार ओळींत, आणि त्या चार ओळी मीच लिहिल्या होत्या.

माझे चाचा टेलर आहेत. तीसेक वर्षं शेरवानी, पठाणी, कुर्ता, बंडी हेच शिवतात. लग्नसराईत त्यांना मान वर करायला वेळ नसतो, आणि गुऱ्हाळं बंद पडली की दुकानही थंड. त्या थंड महिन्यांत माल बाहेर जावा म्हणून आम्ही ऑनलाइन विक्री सुरू केली. चाचांनी फोटोसाठी एक शेरवानी काढून दिली. हिमरूच्या धाटणीची वेलबुट्टी, गडद मरून रंग. मी लिहिलं : ‘रॉयल सिल्क हिमरू शेरवानी. साइझ एम, ४०. अस्तरासह. निकाह, वलिमा, पार्टी, सणासाठी उत्तम.’ लिहून झाल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, हे कबूल करतो.

पहिला गिऱ्हाईक म्हणाला, छातीला घट्ट होते. दुसरा म्हणाला, रेशीम असेल तर मला चालणार नाही, आणि रेशीम नसेल तर तुम्ही खोटं लिहिलंय. तिसऱ्याचं घड्याळ बाहीत अडकलं आणि आतले धागे ओढून बाहेर आले. आज हीच तीन पार्सलं उघडून बघू.

आधी छाती. ‘एम, ४०’ यातला ४० हा आकडा कुणाचा? चाचांना विचारलं तर ते म्हणाले, “अरे, चाळीस म्हणजे चाळीस छातीच्या माणसाला बसणारी. सगळ्या जगाला माहीत आहे.” टेलरच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. तो माणसाच्या अंगाचं माप घेतो आणि त्यात किती सैल ठेवायचं ते स्वतः ठरवतो. गिऱ्हाईक मात्र घरी बसून दुसऱ्याच गोष्टी मोजतो. कुणी अंगाची छाती मोजतो, तर कुणी कपाटातला शर्ट काढून त्याची छाती मोजतो. शर्टाची छाती ४० भरली की तो ४० मागवतो. पण ज्या माणसाला ४० छातीचा शर्ट होतो, त्याचं अंग ३६-३७ असतं. आमच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं नेमकं उलटं झालं. त्याच्या अंगाची छाती ४२ होती, पण आधी घेतलेल्या कुठल्यातरी कुर्त्यावर ४० लिहिलेलं होतं. तो सैल बसायचा, म्हणून त्याने इथेही ४० घेतली.

आता आपल्याकडे सगळी दुकानं अंगाचं एकच कोष्टक वापरतात का, तर नाही. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीने ‘इंडियासाइझ’ नावाचा प्रकल्प हाती घेतला तो याचसाठी. सहा शहरांतल्या सुमारे २५,००० माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेऊन भारतीय अंगाचं कोष्टक बनवायचं, हा त्याचा उद्देश. सगळे एकच कोष्टक वापरत नाहीत तोवर एका दुकानाचा ‘एम’ दुसऱ्याचा ‘एल’ होणारच. म्हणून ‘एम’ या अक्षरावर काहीही सोपवू नका.

उपाय साधा आहे : दोन आकडे लिहायचे आणि दोघांनाही नाव द्यायचं. एक ‘अंगाची छाती’, दुसरा ‘कपड्याची छाती’. कपड्याची छाती अशी घ्या. शेरवानी सगळी बटणं लावून टेबलावर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने सरळ करा, पण ताणू नका. एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप लावा. आमच्या शेरवानीला २२ इंच भरले. त्याची दुप्पट ४४ इंच, म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर. अंग ४० आणि कपडा ४४, मधले ४ इंच म्हणजे सैलपणा. शेरवानीच्या आत कुर्ता येतो, अस्तर येतं, समोरच्या भागात कडकपणासाठी घातलेलं कापड येतं. हे सगळं आतून जागा खातं. तेच ४ इंच साध्या सुती कुर्त्याला मोकळे वाटतात आणि शेरवानीला बेताचे. म्हणून सैलपणाचा आकडा एका कपड्यावरून दुसऱ्यावर उचलू नका.

आणि माप अस्तर लावून, इस्त्री मारून झाल्यावरच घ्या, कापलेल्या कापडाचं घेऊ नका. अस्तर जरा आखूड बेतलं गेलं तर वरचं कापड मोकळं दिसतं, पण अंगात घातल्यावर आतून ओढतं. आमच्या एका बंडीत असंच झालं होतं. बाहेरून टेप ४२ दाखवत होता आणि अंगात ती ४० सारखी बसत होती. ओळखायची खूण सांगतो. बटणं लावल्यावर समोरून आडव्या सुरकुत्या पडतात, पण हात आत घालून बघितलं तर वरचं कापड सैल असतं. म्हणजे ताण अस्तरावर आहे.

मोजताना एक सवय लावून घ्या. प्रत्येक साइझचे तीन नग मोजा. हाताच्या शिवणीत अर्धा इंच इकडेतिकडे होतोच, तेव्हा तसं लिहून टाका : ‘अर्धा इंच कमीजास्त’. तिघांत एक इंचाचा फरक निघाला तर आधी कारागिराशी बोला, मग मजकूर लिहा. दुसऱ्याच्या पानावरून मापांचा तक्ता उचलायचा मोह होतो. मीही उचलला होता. त्यात आकडे सेंटिमीटरचे होते आणि वर शीर्षक इंचाचं. आमच्या बंडीची छाती १०६ इंच झाली होती. राहूच्या बाजारात तेवढा तंबू मिळतो!

आता लांबी. हे माप छातीइतकं कुणी मनावर घेत नाही, आणि फसगत इथे जास्त होते, कारण लांबी फोटोत दिसते असं आपल्याला वाटतं. पहिला प्रश्न, लांबी कुठून कुठपर्यंत? काही कारागीर मानेच्या मागून, कॉलरच्या शिवणीपासून खाली मोजतात. काही जण कॉलरच्या बाजूला खांद्याचा सगळ्यात उंच भाग असतो तिथून, समोरून मोजतात. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्हींत इंचभर फरक पडतो. आम्ही दुसरी पद्धत ठरवली आणि प्रत्येक ठिकाणी ‘खांद्याच्या वरच्या टोकापासून समोरून’ असे शब्द लिहायला लागलो.

दुसरा प्रश्न, ती लांबी घालणाऱ्याच्या अंगावर कुठे येते? आमची शेरवानी ४२ इंच लांब होती. फोटोसाठी उभा राहिलेला मुलगा ६ फूट १ इंच. त्याला ती बरोबर गुडघ्यावर आली, फोटो छान दिसला. आता ५ फूट ५ इंच उंचीचा नवरदेव घ्या. त्याच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सुमारे ३७ इंच भरतात. त्याला तीच शेरवानी गुडघ्याच्या खाली पाच इंच जाणार, म्हणजे नडगीच्या मध्यावर. ५ फूट ८ इंचाच्या माणसाला ती गुडघ्याखाली दोन-तीन इंच येते. ही माहिती एका ओळीत देता येते : ‘फोटोतल्या मुलाची उंची ६ फूट १ इंच. ५ फूट ८ इंच उंचीला गुडघ्याच्या खाली येईल.’ ही ओळ लिहिल्यावर काही लोक घेणार नाहीत. पण जो घेणार नाही तो परतही पाठवणार नाही, आणि जाण्यायेण्याचा खर्च बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याच माथी येतो.

सुती कुर्त्याला आणखी एक गोष्ट लिहावी लागते. कापड शिवण्याआधी भिजवून आटवलं होतं का? नसेल तर पहिल्या धुण्यात तीन-चार टक्के आटू शकतं. ४२ इंचावर चार टक्के म्हणजे दीड इंचाच्या वर. तेव्हा लिहा : ‘ही लांबी धुण्यापूर्वीची’.

आता दुसरं पार्सल. मला सगळ्यात जास्त लाज आणलेलं हेच. मी ‘सिल्क’ लिहिलं होतं, कारण कापड चमकत होतं आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी ‘आर्ट सिल्क’ म्हटलं होतं. आर्ट सिल्क म्हणजे कलात्मक रेशीम असा माझा समज होता. इंजिनिअरिंगची पदवी असून! त्यातला ‘आर्ट’ म्हणजे ‘आर्टिफिशियल’. कृत्रिम. त्यात रेशमाच्या किड्याचा काही संबंध नसतो. धागा व्हिस्कोसचा असतो किंवा पॉलिस्टरचा.

आपल्या गिऱ्हाइकांसाठी हा फरक फक्त पैशाचा नाही. पुरुषांनी शुद्ध रेशीम घालू नये असं आपल्यातल्या बहुसंख्य घरांत मानतात. तुम्ही वैयक्तिक काय मानता तो तुमचा प्रश्न, पण घेणाऱ्याला ते ठरवता आलं पाहिजे. हा प्रश्न जुना आहे आणि विणकरांनी त्यावर कापडातच उत्तर शोधलेलं आहे. ‘मशरू’ नावाचं कापड आहे. नावाचा अर्थच ‘शरियतला मान्य’. त्यात ताण्याला रेशीम आणि बाण्याला सूत घेऊन वीण अशी घालतात की रेशीम बाहेरच्या बाजूला दिसतं आणि अंगाला सूत लागतं. आणि आपल्या औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, हिमरू. त्यातही सूत आणि रेशीम यांचा मेळ : ताणा सुती आणि नक्षीचा बाणा रेशमाचा. परंपरा सांगते की मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांनी ही कला इथे रुजवली. आज हिमरू नावाखाली हातमागावरचंही मिळतं आणि यंत्रमागावरचं पूर्ण कृत्रिम धाग्याचंही. म्हणजे ‘हिमरू’ हा एकटा शब्द वापरला तर धागा कोणता, माग कोणता, काहीच कळत नाही.

मग आम्ही शोध घेतला. चाचांकडे उरलेल्या कापडातून उभा आणि आडवा धागा वेगळा काढला. हे दोन धागे नेहमी वेगळेच तपासायचे, कारण मिश्र कापडात उभा एक आणि आडवा दुसरा असतो. चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून, ज्योतीला लावले. पॉलिस्टर असतं तर धागा वितळून आकसला असता आणि टोकाला कडक मणी झाला असता. रेशीम असतं तर केस जळल्याचा वास आला असता आणि बोटाने चुरली जाणारी काळी राख राहिली असती. आमचे दोन्ही धागे कागदासारखे जळले, कागदासारखाच वास आला, मऊ करडी राख राहिली. म्हणजे दोन्ही वनस्पतीपासूनचे. रेशीम नाही, पॉलिस्टर नाही.

पण इथे ज्योत थांबते. सूत आणि व्हिस्कोस दोन्ही कागदासारखेच जळतात. त्यासाठी पाणी वापरायचं. धागा ओला करून ताणला तर व्हिस्कोस पटकन तुटतो, सूत ओलं झाल्यावरही टिकतं. आमचा उभा धागा टिकला, आडवा चमकदार धागा तुटला. ताणा सुती, बाणा व्हिस्कोसचा.

टक्केवारी मात्र घरी कळत नाही. ती वजनावर असते आणि प्रयोगशाळेतच निघते. म्हणून कापड घेताना बिलावर मिश्रण लिहून मागा. आम्ही मागितलं तेव्हा आधी “काय करायचंय तुम्हाला?” असं उत्तर आलं, दुसऱ्या खेपेला कॉटन ४०, व्हिस्कोस ६० असं लिहून मिळालं. लिहून मिळालं नसतं तर आम्ही टक्के लिहिलेच नसते. ‘ताणा सुती, बाणा व्हिस्कोस, रेशीम नाही’ एवढंच लिहिलं असतं, आणि तेही पुरेसं खरं होतं. ज्यांच्याकडे खरोखर शुद्ध रेशमाचा माल आहे त्यांच्यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेलं ‘सिल्क मार्क’ हे चिन्ह आहे. ते नसताना ‘प्युअर सिल्क’ लिहिण्याआधी दहादा विचार करा.

तिसरं पार्सल, घड्याळवालं. मी लिहिलं होतं ‘अस्तरासह’. खोटं नव्हतं. अस्तर होतं, पण धडाला. बाहीला नव्हतं. आणि हिमरूच्या कापडाची मागची बाजू बघा कधी. नक्षीचा जादा बाणा जिथे समोर दिसत नाही तिथे मागून तो मोकळा लोंबत जातो. बोटातली अंगठी, घड्याळाचा पट्टा त्यात अडकतोच. साध्या कापडाची बाही बिनअस्तराची चालते, उन्हाळ्यात बरीही वाटते. या कापडाला ती चालत नाही. चाचांनी त्यानंतरच्या सगळ्या शेरवान्यांच्या बाह्यांना अस्तर लावलं.

तेव्हा अस्तराबद्दल तीन गोष्टी लिहायच्या : कुठे आहे, कशाचं आहे, आणि खाली घेराला शिवलेलं आहे की सुटं. कशाचं, हे का? पॉलिस्टरचं अस्तर स्वस्त, घसरतं, अंगात घालायला सोपं, पण घाम शोषत नाही. सुती अस्तर घाम शोषतं, पण कुर्त्यावर अडकतं आणि आधी आटवलेलं नसेल तर धुतल्यावर आकसतं. मग वरचं कापड फुगे आल्यासारखं दिसतं. घेराजवळ असे फुगे दिसले तर अस्तर आटलंय समजा. हा नग सुधारायचा तर खालची शिवण उसवून अस्तर मोकळं करावं लागतं. दुसरा उपाय नाही. त्यामुळे ‘घरी धुवू नका, ड्रायक्लीन करा’ ही ओळ सवयीने लिहायची नाही. घरी धुतलं तर काय होईल हेही लिहा, म्हणजे लोक ऐकतात.

राहता राहिला प्रसंग. ‘निकाह, वलिमा, पार्टी, सण’ हे मी लिहिलं होतं, आणि कुणीही कुठल्याही कपड्याखाली हेच लिहितो. घेणाऱ्याचा खरा प्रश्न वेगळा असतो. मला दुपारी दोन वाजता मांडवात, पंखा लांब असताना, हे घालून तीन तास बसायचंय, जमेल का? निकाहला जमिनीवर बसायचं, मध्ये नमाजची वेळ झाली तर रुकू-सजदा करायचा. तेव्हा बाजूचा कट किती लांब आहे आणि शेवटच्या बटणाखाली शेरवानी किती मोकळी आहे, हे माप प्रसंगाच्या खात्यात जातं. आमच्या शेरवानीला बाजूचा कट १६ इंच आणि शेवटचं बटण कमरेच्या जरा खाली होतं. मी स्वतः घालून मांडी घालून बसलो, सजद्यात गेलो. ताण आला नाही. मग तसं लिहिलं. तपासलं नसतं तर लिहिलं नसतं.

‘ईद स्पेशल’ लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा १०-११ दिवसांनी लहान, त्यामुळे ईद दर वर्षी तेवढीच अलीकडे सरकते. २०२४ ची ईद-उल-फित्र एप्रिलच्या उन्हात आली, २०३० च्या सुमारास ती फेब्रुवारीत असेल. पॉलिस्टरचं पूर्ण अस्तर असलेली बंडी एप्रिलमध्ये दौंडच्या उन्हात छळ आहे, आणि फेब्रुवारीच्या सकाळी ईदगाहवर तीच चांगली. मजकूर एकदा लिहून वर्षानुवर्षं तसाच ठेवू नका. आणि आपलं गिऱ्हाईक फक्त आपल्यातलं नसतं. हळदीला पिवळा कुर्ता मागणाराही असतो. त्याला ‘हळदीसाठी’ लिहून पिवळ्या रंगाचा, ड्रायक्लीनच करावा लागणारा कुर्ता विकलात तर तो शिव्या घालेल. हळदीला धुता येणारा सुती कुर्ताच हवा, हळदीचा डाग पूर्ण निघत नाही हेही सांगा.

तर शेवटी त्याच शेरवानीखाली आम्ही जे लिहिलं ते वाचून दाखवतो.

‘हिमरू धाटणीची वेलबुट्टी असलेली मरून शेरवानी, यंत्रमागाचं कापड. ताणा सुती, बाणा व्हिस्कोस (कॉटन ४० टक्के, व्हिस्कोस ६० टक्के). रेशीम नाही. अंगाची छाती ४० इंच, आत कुर्ता धरून. कपड्याची छाती ४४ इंच (११२ सेंमी), अर्धा इंच कमीजास्त. लांबी खांद्याच्या वरच्या टोकापासून समोरून ४२ इंच (१०७ सेंमी). फोटोतल्या मुलाची उंची ६ फूट १ इंच. ५ फूट ८ इंच उंचीला गुडघ्याखाली येते. धड आणि बाही दोन्हींना पॉलिस्टरचं अस्तर, घेराला शिवलेलं. बाजूचा कट १६ इंच, मांडी घालून बसता येतं. संध्याकाळच्या किंवा थंडीतल्या निकाह-वलिम्यासाठी. एप्रिल-मेच्या दुपारी गरम होईल. ड्रायक्लीन करा, पाण्यात धुतल्यास समोरच्या भागाला फुगे येतात. माप ठरत नसेल तर अंगाला नीट बसणारा शर्ट सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत मोजा. सुमारे २२ इंच भरले तर ही शेरवानी बसेल.’

चाचांनी हे ऐकलं आणि म्हणाले, “एवढं सगळं खरं सांगितल्यावर घेणार कोण?” चौथ्या गिऱ्हाइकाने घेतली. त्याने आधी एकच प्रश्न पाठवला होता : बाही किती लांब? ती आम्ही लिहायची विसरलो होतो. २५ इंच, खांद्याच्या शिवणीपासून. आता तीही लिहितो.